जिम सोडायचंय? आधी या चार ओळी शोधा

आजचा भाग छोटा आहे, पण ज्यांनी जानेवारीत जोशात वर्षाची जिम मेंबरशिप घेतली आणि आता सोडायचीये, त्यांनी नीट ऐका.

समजा, तुम्ही ऑफरमध्ये १२ महिन्यांचे १२,००० रुपये भरले. तीन महिने गेलात, आता नोकरीमुळे दुसऱ्या शहरात जायचंय. तुमचा हिशोब सोपा असतो: महिन्याला हजार, नऊ महिने उरले, म्हणजे नऊ हजार परत. काउंटरवरचा माणूस म्हणतो, "सर, पाचशे मिळतील." तो खोटं बोलत नसेलही. फॉर्मवर तुम्ही सही केलीये, आणि हे पाचशे त्या फॉर्ममधूनच येतात. कसे, ते बघू.

पहिली ओळ: वापरलेले महिने कोणत्या दराने मोजायचे? बऱ्याच फॉर्मवर लिहिलेलं असतं की मध्येच सोडलं तर ऑफर रद्द, आणि वापरलेले महिने साध्या मासिक दराने धरले जातील. हा दर २,५०० असेल तर तीन महिन्यांचे झाले ७,५००. उरले ४,५००. नऊ हजारांचे निम्मे इथेच गेले.

दुसरी ओळ: कॅन्सलेशन किंवा अॅडमिन चार्ज. तो १,५०० धरला तर उरले ३,०००.

तिसरी ओळ: नोटीस. ३० दिवस आधी लेखी कळवायचं असेल, तर तो महिनाही वापरला असं धरतात. आणखी २,५०० गेले. राहिले ५००. म्हणून सोडायचं ठरलं की त्याच दिवशी मेल टाका. ट्रेनरला तोंडी सांगितलं किंवा जाणं बंद केलं, तर नोटिशीचा काटा सुरूच होत नाही.

चौथी ओळ: ऑटो-रिन्यूअल. इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एक करार आणि एक पैसे कापायची परवानगी, म्हणजे मॅन्डेट. यूपीआय अॅपमध्ये ऑटोपे उघडून मॅन्डेट रद्द करता येतं. पण त्याने फक्त पैसे कापणं थांबतं. करार संपला असं होत नाही. जिम म्हणू शकते की तुमची फी बाकी आहे. म्हणून मेलही हवा आणि मॅन्डेट रद्द करणंही हवं. ओटीटीचंही तसंच. अॅप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन संपलं, असं नाही. असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने सूचना द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज जाहिरात समजून उडवू नका.

एक सावधगिरी. मेंबरशिप 'नो कॉस्ट ईएमआय'वर घेतली असेल, तर तो हप्ता बहुतेक वेळा फायनान्स कंपनीच्या कर्जाचा असतो. तो परस्पर थांबवला तर क्रेडिट स्कोअरला फटका बसतो. आधी जिमकडून लेखी रद्दीकरण घ्या, मग ते कर्ज कंपनीला पाठवा.

आता मेलमध्ये काय लिहायचं? मेंबरशिप नंबर, आजची तारीख, "या तारखेपासून सदस्यत्व रद्द करावे, पुढील नूतनीकरण करू नये आणि परताव्याचा हिशोब कोणत्या अटीनुसार केला ते लेखी कळवावे." एवढं पुरे. हिशोब लेखी मागितला की प्रत्येक कपातीपुढे अट दाखवावी लागते. जी अट फॉर्मवर नाही, ती कपात मान्य करू नका.

आणि पावतीवर 'नॉन-रिफंडेबल' छापलं असेल तर? तुम्ही स्वतःच्या कारणाने सोडताय का जिमने सेवा दिली नाही, हे बघा. शाखा बंद झाली, सांगितलेल्या सोयी काढून घेतल्या, तर तुमची बाजू भक्कम. अशा वेळी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा; नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. स्वतःच्या कारणाने सोडताना बाजू तेवढी मजबूत नसते. तरी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारी अट 'अन्यायकारक करार' ठरू शकते. हे पत्रात जरूर लिहा.

आणि भांडायच्या आधी फॉर्मवर 'ट्रान्सफर' शब्द शोधा. हजार रुपये ट्रान्सफर फी भरून उरलेले नऊ महिने मित्राला सहा हजारांना दिलेत, तर हातात पाच हजार येतात. पाचशेपेक्षा बरेच की! फक्त नाव बदलल्याचा जिमचा मेल आल्याशिवाय मित्राकडून पैसे घेऊ नका.

तर आज फोनमधला तो फॉर्मचा फोटो उघडा आणि या चार ओळी शोधा. फोटो नसेल तर कॉपी मागा. भेटू पुढच्या भागात!