नाव बदललं, तरी मूल ओळखू येतं

‘मुलीचं नाव बदललं आहे’ अशी ओळ अत्याचाराच्या बातमीखाली तुम्ही वाचली असेल. तेवढ्यावर भागतं, असा आपला समज असतो. मी वृत्तपत्राच्या जिल्हा आवृत्तीचं काम पाहते. नाव गाळणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. मूल ओळखू येतं ते बाकीच्या तपशिलांवरून.

समजा, वार्ताहराकडून बातमी आली : अमुक गावातल्या, आठवीत शिकणाऱ्या मुलीवर मामानं अत्याचार केला, तिचे वडील दूध डेअरीत कामाला आहेत, आरोपीला अटक. खाली त्याचं पूर्ण नाव. आता या मामाची भाची कोण, हे गावाला विचारावं लागेल का? २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याचं कलम २३ म्हणूनच नावावर थांबत नाही. पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजारपाजार, ज्यातून ओळख पटेल असं काहीच छापू नका, असं ते सांगतं.

मी गाव काढते, इयत्ता काढते, डेअरी काढते. उरतो मामा. नातं आणि आरोपीचं नाव एकत्र ठेवता येत नाही. मी नाव ठेवून नातं गाळलं, आणि दुसऱ्या पेपरानं नातं ठेवून नाव गाळलं, तर? चहाच्या टपरीवर दोन्ही पेपर शेजारी पडलेले असतात! म्हणून आरोपी घरातला असला, की मी त्याचं नावच गाळते आणि ‘जवळचा नातेवाईक’ एवढंच ठेवते. धोका घरातच होता, हे वाचकाला कळायला हवं. आरोपीला झाकता, म्हणून वार्ताहर चिडतात. त्यांचा राग मला समजतो, पण इथं आरोपी झाकल्याशिवाय मुलगी झाकली जात नाही.

कधी आईवडीलच सांगतात, ‘छापा नाव, आम्हाला न्याय हवाय.’ पण ही परवानगी देणं त्यांच्या हातात नाही. मुलाच्या हिताचं असेल, तरच विशेष न्यायालय लेखी कारण नोंदवून ती देऊ शकतं. मूल हयात नसलं तरी केवळ नातेवाइकांची संमती पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षी कठुआ प्रकरणात मुलीची ओळख उघड करणाऱ्या अनेक माध्यमसंस्थांना दिल्ली उच्च न्यायालयानं प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले होते.

फोटोचंही तसंच. डोळ्यांवर काळी पट्टी मारली, तरी शाळेचा गणवेश दिसतो, वेणीची रिबीन दिसते. छायाचित्रकार मग पाठमोऱ्या आईचा फोटो आणतात, घराच्या दारात उभी असलेली. तो मी परत करते. गल्लीतल्या लोकांना ते दार पाठ असतं, आणि ती साडीही.