कागद काढू नका, लहान करा

चाकणच्या कारखान्यांत राबणाऱ्या घरांतली मुलं मी शिकवतो. लाजऱ्या मुलाला थेट स्टेजवर ढकललं की ते पाठांतराला धरून राहतं. म्हणून आम्ही पायऱ्या केल्या. आधी बाकावर बसून शेजाऱ्याला परिच्छेद वाचून दाखवायचा, मग जागेवर उभं राहून, मग फळ्याजवळून.

खरी अडचण वाचन संपून बोलणं सुरू होतं तिथे येते. तिथे मी कागद काढून घेत नाही, लहान करतो. आठवीतल्या एका मुलीने ‘अब्बांची रात्रपाळी’ यावर आधी दहा वाक्यं लिहून वाचली. पुढच्या आठवड्यात चिठ्ठीवर तीनच शब्द ठेवले: बस, डबा, झोप. ती छताकडे बघत भरभर बोलू लागली. म्हणजे पाठ करून आली होती. मी मध्येच विचारलं, “डब्यात काय असतं?” ती थांबली, घरच्या दखनीत उत्तर दिलं, मग तेच मराठीत सांगितलं. तिथून ती आमच्याकडे बघून बोलली.

शेवटची पायरी आयत्या वेळच्या विषयाची: चिठ्ठी उचला, एक मिनिट विचार करा, एक मिनिट बोला. विषय रोजच्या जगण्यातलाच हवा. कुणी अडलं तर त्याच विषयावर तीन शब्द लिहून देतो आणि ते पुन्हा उभं राहतं.