कांगारू मदर केअर: आढाव्याआधीचा कागद

भाईंदरच्या एखाद्या प्रसूतिगृहात सतराशे ग्रॅमचं बाळ जन्मलं, की सिस्टरला आधी बघावी लागते ती त्याची ऊब. वॉर्मर मोकळा नसेल, किंवा असला तरीसुद्धा, बाळाला टोपी, मोजे आणि लंगोट एवढंच ठेवून आईच्या उघड्या छातीवर उभं बांधतात. ही कांगारू मदर केअर, वॉर्डातल्या बोलीत केएमसी. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात एडगर रे सनाब्रिया या डॉक्टरांनी ती सुरू केली, कारण तिथे इनक्युबेटर थोडे होते आणि बाळं फार. आज ती आपल्याकडे रोजची गोष्ट आहे आणि ती बहुतांशी परिचारिकांच्या हातात आहे.

एम. एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनी यावर पद्धतशीर आढावा करायचा म्हणतात. म्हणजे जगभरातले अभ्यास ठरलेल्या रीतीने शोधायचे, निवडायचे, पारखायचे आणि एकत्र मांडायचे. माझा पहिला प्रश्न असतो, प्रोटोकॉल कुठे आहे? एकही निष्कर्ष वाचण्याआधी सगळे नियम लिहून ठेवलेला तो कागद. बहुतेक जणी तो शेवटी, काम संपल्यावर लिहितात, आणि मग त्याचा उपयोग फक्त फाईलला होतो.

आधी का लिहायचा, ते एका आकड्यावरून पटेल. कमी वजनाचं बाळ म्हणजे अडीच किलोंहून कमी, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या. पण मुंबईच्या केईएम रुग्णालयातला २००८ साली ‘इंडियन पीडिॲट्रिक्स’मध्ये आलेला अभ्यास दोन किलोंखालच्या २०६ बाळांवर होता, आणि त्यात केएमसीची बाजू चांगली दिसली. तुम्ही हा अभ्यास आधी वाचला आणि मग तुमची मर्यादा दोन किलो ठेवली, तर ती का ठेवली हे तुमचं तुम्हालाही सांगता येणार नाही. वाचण्याआधी लिहिलेल्या मर्यादेवर हा संशय राहत नाही.

आता प्रश्न बांधू. बाळं कुठली, त्यांना काय दिलं, तुलना कशाशी आणि बघायचं काय, हे चार भाग. आपण म्हणू, दोन किलोंखालची बाळं, केएमसी, आणि बघायच्या दोन गोष्टी: अंग गार पडणं आणि घरी जाताना फक्त आईच्या दुधावर असणं. गार पडणं म्हणजे किती? संघटनेच्या व्याख्येप्रमाणे ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली. काही अभ्यासांत मात्र ३६ ची रेषा सापडेल. दोन्ही आकडे एकाच बेरजेत घालायचे की वेगळे मांडायचे, ते आत्ताच लिहा.

सगळ्यात अवघड तुलनेचा भाग आहे आणि तिथेच बहुतेक प्रोटोकॉल घसरतात. ‘नेहमीची काळजी’ एवढंच लिहून पुढे जातात. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात २१ अभ्यास आणि ३०४२ बाळं होती. त्यातल्या १९ अभ्यासांत बाळ स्थिर झाल्यावर केएमसी सुरू झालं होतं आणि समोरच्या गटाला इनक्युबेटर किंवा वॉर्मर. मग २०२१ साली पाच देशांतला अभ्यास आला. त्यात आपल्या दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. एकट्या त्या अभ्यासात ३२११ बाळं, म्हणजे आधीच्या एकवीसांच्या बेरजेहून जास्त. एक किलो ते १.७९९ किलो वजनाच्या या बाळांना जन्मल्याबरोबर, स्थिर होण्याची वाट न पाहता, आईच्या छातीवर दिलं. दुसऱ्या गटालाही केएमसी मिळालंच, पण स्थिर झाल्यावर. त्या गटातली १५.७ टक्के बाळं २८ दिवसांच्या आत दगावली, लगेच केएमसी मिळालेल्यांत १२ टक्के. म्हणजे इथली ‘नेहमीची काळजी’ हे जुन्या अभ्यासांतलं केएमसीच होतं! हे दोन प्रकार एका बेरजेत घातले, तर येणाऱ्या आकड्याला काही अर्थ उरणार नाही. म्हणून प्रोटोकॉलमध्ये दोन तुलना वेगळ्या लिहायच्या: केएमसी विरुद्ध वॉर्मर, आणि लगेच विरुद्ध नंतर.

प्रश्न असा बांधला की शोधशब्द त्यातूनच निघतात. पबमेडवर प्रत्येक लेखाला ठरावीक विषयशीर्षकं लावलेली असतात. अगदी नव्या लेखांना ती लागलेली नसतात, म्हणून शीर्षक आणि सारांशातले साधे शब्दही सोबत घ्यावे लागतात. पुढचं शोधवाक्य कानांनी ऐकून टिपणं कठीण, म्हणून छापील मजकुरात ते जसंच्या तसं दिलं आहे.

```
("Kangaroo-Mother Care Method"[Mesh]
 OR "kangaroo mother care"[tiab]
 OR "kangaroo care"[tiab]
 OR "skin-to-skin"[tiab])
AND
("Infant, Low Birth Weight"[Mesh]
 OR "Infant, Premature"[Mesh]
 OR "low birth weight"[tiab]
 OR "low birthweight"[tiab]
 OR preterm[tiab] OR premature[tiab])
```

यात स्तनपान किंवा तापमान हे शब्द मुद्दाम घेतलेले नाहीत. एखाद्या अभ्यासाच्या सारांशात फक्त मृत्यूचा आकडा असतो आणि दुधाची माहिती आतल्या तक्त्यात. शोधात स्तनपानाची अट घातली, की तो अभ्यास तुमच्यापर्यंत पोचतच नाही. दुसरी चूक आपल्याकडे हमखास होते, ती म्हणजे ‘मुंबई’ किंवा ‘महाराष्ट्र’ असा शब्द जोडणं. केईएमच्या त्या लेखाचा सारांश काढून बघा. त्यात मुंबईचं नाव नाही. पश्चिम भारतातली शिक्षणसंस्था, एवढाच उल्लेख आहे. भाईंदरहून लोकलने तासाभराच्या अंतरावर झालेला अभ्यास शब्दाच्या हट्टापायी निसटला असता.

तिसरी चूक भाषेची. फक्त इंग्रजी लेख घेऊ, असं सहज लिहून टाकतात. ज्या पद्धतीचा जन्मच स्पॅनिश बोलणाऱ्या बोगोटात झाला, तिच्याबाबत हे मला चमत्कारिक वाटतं. लिलाक्स या लॅटिन अमेरिकेच्या संग्रहात `madre canguro` असा शोध घ्या. परिचर्येचे लेख सिनालमध्ये, चालू असलेले भारतीय अभ्यास सीटीआरआयच्या नोंदवहीत. आपल्या विद्यापीठातले प्रबंध कपाटांत पडून असतात, तेही हवेत. ज्या अभ्यासात फरक दिसला नाही तो छापून येण्याची शक्यता कमी असते, आणि नेमके तसे अभ्यास प्रबंधांत सापडतात. शोधवाक्य झालं की ते तपासा: केईएमचा आणि २०२१ चा, हे दोन्ही लेख यादीत आलेच पाहिजेत. नाही आले तर वाक्यातच दोष आहे.

मग चाळणी. वेगवेगळ्या संग्रहांतून एकच लेख पुन्हा पुन्हा येतो, ती दुबार नावं आधी काढायची. त्यानंतर दोघींनी, एकमेकींचं न बघता, शीर्षक आणि सारांश वाचून घ्यायचा, सोडायचा किंवा शंका असं लिहायचं. शंका असेल तर लेख पुढे जातो. पुढच्या टप्प्यावर पूर्ण लेख वाचायचा, आणि तिथे वगळलेल्या प्रत्येकाचं एकच, पहिलं लागू पडणारं कारण नोंदवायचं. मतभेद झाला तर तिसरी व्यक्ती कोण, हेही प्रोटोकॉलमध्ये आधीच हवं. दोघींपैकी एक तुमची मार्गदर्शिका असेल तर तिच्या मताचं वजन पडतं. तेव्हा आधी दोघींनी आपापलं लिहून ठेवायचं, मग बोलायचं.

सुरुवातीला पन्नास सारांशांवर सराव करावा. समजा, आठ लेख दोघींनी घेतले आणि छत्तीस दोघींनी सोडले. चार फक्त पहिलीने घेतले, दोन फक्त दुसरीने. पन्नासपैकी चव्वेचाळीस जुळले, म्हणजे अठ्ठ्याऐंशी टक्के. छान वाटतं. पण बहुतेक सारांश सोडायचेच असतात, त्यामुळे डोळे मिटून खुणा केल्या तरी पुष्कळ जुळतील. पहिलीने एकूण बारा घेतले, दुसरीने दहा. या प्रमाणात नुसत्या योगायोगाने ६५.६ टक्के जुळणी झाली असती. तेवढी ८८ मधून आणि १०० मधूनही वजा करून पहिल्या बाकीला दुसरीने भागलं, की कप्पा नावाचा आकडा येतो ०.६५. तो वाईट नाही, पण पुढे जाण्याआधी ते सहा लेख समोर घेऊन बसा. बहुधा सहाही भांडणं एकाच नियमावरची निघतील, जसं की दिवसातून एकच तास दिलेला त्वचास्पर्श केएमसी मानायचा का. नियम दुरुस्त करा आणि नव्या पन्नासांवर पुन्हा बघा.

आता पक्षपाताची पारख. ज्यांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छया गट पाडले त्या अभ्यासांसाठी आरओबी-२ हे साधन आहे. त्यात पाच भाग: गट कसे पाडले, ठरल्याप्रमाणे उपचार झाले का, माहिती किती गळाली, मोजमाप कसं झालं, आणि सांगायचे निकाल निवडून सांगितले का. नवशिक्या इथे एक घाई करतात. केएमसीमध्ये आईपासून किंवा सिस्टरपासून गट लपवता येत नाही, म्हणून सगळ्याच अभ्यासांवर ‘धोका जास्त’ असा शिक्का मारतात. मग सगळेच सारखे वाईट ठरतात आणि पारखीला काही काम उरत नाही. हे साधन अख्ख्या अभ्यासाला नव्हे, एकेका निकालाला लावायचं असतं. मृत्यूची नोंद कोणाच्या अपेक्षेने बदलत नाही. ‘फक्त अंगावरचं दूध पाजता ना?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र बदलतं, विशेषतः जिने केएमसी शिकवलं तीच सिस्टर विचारत असेल तेव्हा. तापमान या दोहोंच्या मध्ये: डिजिटल थर्मामीटरचा आकडा खोटं बोलत नाही, पण तो कधी आणि किती वेळा घ्यायचा ते सिस्टर ठरवते.

गट पाडण्याचं वर्णनही नीट वाचा. आतलं दिसणार नाही अशी सीलबंद पाकिटं असतील तर ठीक. ‘एकाआड एक बाळ’ असेल, तर पुढचं बाळ कुठल्या गटात जाणार हे सगळ्यांना माहीत असतं, आणि नाजूक बाळाला वॉर्मरकडे वळवण्याचा मोह होतो.

आपल्या प्रबंधांपैकी बरेच वेगळ्या घडणीचे असतात: एकच गट, केएमसीआधी तापमान, केएमसीनंतर तापमान. त्यांना आरओबी-२ लावता येत नाही. त्यांच्यासाठी ॲडलेडच्या जेबीआय संस्थेची तपासणी-यादी आहे, आणि स्वतंत्र तुलना-गट असलेल्या पण चिठ्ठ्या न टाकलेल्या अभ्यासांसाठी रॉबिन्स-आय. एका गटाच्या अभ्यासाची अडचण उघड आहे. नुकतं पुसून गुंडाळलेलं बाळ तासाभरात असंही ऊब धरतं. त्यातलं आईमुळे किती, ते सांगता येत नाही. माझं मत असं, की हे प्रबंध घ्यावेत, वेगळ्या तक्त्यात मांडावेत आणि बेरजेत मिळवू नयेत. कोणाचं मत वेगळं असू शकेल. मत कुठलंही असो, ते प्रोटोकॉलमध्ये आधी लिहिलेलं हवं.

हे सगळं कोणत्या क्रमाने लिहायचं, यासाठी प्रिझ्मा-पी ही २०१५ ची सतरा मुद्द्यांची यादी मिळते. ब्रिटनच्या यॉर्क विद्यापीठातून २०११ पासून चालणाऱ्या प्रॉस्पेरो नोंदवहीत प्रोटोकॉल विनामूल्य नोंदवता येतो, पण अभ्यासांतून आकडे उतरवून घ्यायला सुरुवात करण्याआधी. त्यानंतर बदल करावा लागला, जसं दोन किलोंची मर्यादा अडीच केली, तर जुनी नोंद खोडायची नाही. तारीख घालून बदल आणि त्याचं कारण तिथेच खाली लिहायचं, म्हणजे तो बदल निकाल बघून केला की त्याआधी, हे वाचणाऱ्याला तारखेवरून पडताळता येतं.