उशिरा दिलेलं उत्तर

सौंसरजवळच्या बोरगावात कारखान्यांची वस्ती आहे. तिथल्या पोरांची लग्नं आजही पाहुण्यांमार्फत ठरतात, पण पहिली बोलणी आता बरेचदा मोबाइलवर होतात. प्रोफाइल जुळलं की मेसेज सुरू होतात आणि तिथेच शिफ्ट आडवी येते.

समजा, नागपूरच्या मुलीने शुक्रवारी संध्याकाळी विचारलं, ‘लग्नानंतर बोरगावलाच राहायचं का?’ मुलगा मेंटेनन्सला. त्याच रात्री बॉयलरला पाणी देणाऱ्या पंपाचं बेअरिंग गेलं, वाफ बंद पडली, रंगाईचं काम अडलं. पंप खोलणं, बेअरिंग मिळवणं, बसवून चालवून पाहणं यात शनिवार गेला. रविवारी सकाळी घरी येऊन त्याने मोबाइल पाहिला.

आता लिहायचं काय? ‘सॉरी, बिझी होतो’ असं लिहिलं, तर तिच्या मनात येणार की यांना बोरगाव सोडायचं नाही, म्हणून टाळलं. दुखणं उशिराचं कमी, लटकलेल्या प्रश्नाचं जास्त. दहा वेळा माफी मागणंही बरं नाही. मग तिलाच ‘अहो, राहू द्या’ म्हणत समजूत घालावी लागते.

त्याने असं लिहावं: ‘तुमच्या प्रश्नाला दोन दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. कंपनीत पंप बिघडला होता, आज सकाळी सुटलो. प्रश्न टाळलेला नाही. निदान दोन वर्षं तरी मी बोरगावलाच आहे. पुढे नागपूरला नोकरी मिळाली तर यायची तयारी आहे. तुमच्या नोकरीचं कसं जमेल, ते मला ऐकायचंय. आज संध्याकाळी सातनंतर फोन केला तर चालेल का?’

यात कारण एकाच वाक्यात आहे. बेअरिंगची कथा भेटीत सांगता येते. अर्धा मेसेज तिच्या प्रश्नाला दिलाय, आणि फोनची वेळ ठरवणं तिच्या हाती ठेवलंय. एवढं पाठवलं की थांबावं. तिचं उत्तर आलं नाही, तर ‘रागावलात का?’ म्हणून मागे लागू नये. नाही म्हणायचा तिला हक्क आहे.

काही ॲपवर मात्र ही संधीसुद्धा मिळत नाही. बम्बलवर पहिल्या मेसेजला चोवीस तासांत उत्तर गेलं नाही, तर जुळणीच संपते, मग माफी पाठवायची कुठे?

म्हणून ब्रेकडाउनचा फोन आला की गाडीला किक मारण्याआधी एक ओळ टाकावी: ‘कंपनीत बिघाड झालाय, निघतोय. तुमचा प्रश्न वाचला, सुटलो की सविस्तर लिहितो.’ अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ते केलं, तर रविवारी माफीचा मेसेज लिहायची वेळच येत नाही.