गृहपालांस पाण्याविषयी अर्ज



यवतमाळ जिल्ह्यात पाण्याची टंचाई नवी नाही. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह ही धरणे आटल्याने खुद्द यवतमाळ शहरातील नळही कित्येक दिवस कोरडे राहिले. वसतिगृहात राहून शाळेत येणाऱ्या मुलांस अशा दिवसांत तक्रार करावी लागते, आणि ती ज्यांच्याकडे करावयाची त्यांच्याच देखरेखीखाली त्यांचे जेवण व निवारा असतो. म्हणून हा अर्ज कसा लिहावा, हे इयत्ता सातवीच्या वर्गात शिकवणे अगत्याचे आहे.

चाळीस मुलांच्या एका वसतिगृहातील विद्यार्थ्याने पुढीलप्रमाणे पहिला मसुदा लिहिला, असे समजावे.

“तुमच्या वसतिगृहात पाणी कधीच नसते. तुम्हाला मुलांची मुळीच काळजी नाही. सगळी मुले आजारी पडतील. ताबडतोब पाणी द्या, नाहीतर वर तक्रार करू.”

हा मसुदा शिक्षकाने फाडू नये. त्यातील प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा : हे डोळ्यांनी पाहिले आहे काय? “कधीच नसते” हे खरे नाही. पाणी सकाळी थोडा वेळ असते. गृहपालांनी तेवढे दाखवून दिले की सारी तक्रार खोटी ठरते. “काळजी नाही” हे दुसऱ्याच्या मनाविषयीचे विधान आहे. ते सिद्ध करता येत नाही. आजाराची केवळ भीती आहे. पाणी कसे द्यावे हेही लिहिलेले नाही. त्यामुळे गृहपालांस करण्याजोगे काहीच हाती लागत नाही.

मग मुलांनी पाण्याचा मार्ग उगमापासून पाहावा : विहीर, मोटार, टाकी, तोटी. पाणी कोठे अडते ते कळले, म्हणजे मागणी आपोआप ठरते. विहीरच आटली असेल तर टँकरची मागणी करावी लागेल. विहिरीत पाणी असेल तर दोष पुढे आहे. या वसतिगृहात विहिरीला पाणी होते. मोटार मात्र दिवसातून एकदाच चाले. टाकी 1000 लिटरची; चाळिसांनी भागता वाट्याला 25 लिटर येतात. स्नान, कपडे व शौचालय एवढ्यात भागवणे कठीण. ग्रामीण घरांसाठी 2019 पासूनच्या जल जीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर धरले आहेत. हा आकडा तुलनेसाठी वर्गात सांगावा. तो वसतिगृहाचा नियम म्हणून अर्जात घालू नये. सात दिवसांची नोंद झाल्यावर अर्ज असा झाला :

“प्रति,
मा. गृहपाल यांस,

विषय : सकाळी वापराचे पाणी अपुरे पडण्याबाबत.

महोदय,

सविनय विनंती की, दि. 3 ते 9 मार्च या सात दिवसांपैकी पाच दिवस टाकीतील पाणी सकाळी 7 वाजण्यापूर्वी संपले. त्या दिवशी शेवटच्या दोन खोल्यांतील मुलांस स्नान न करता शाळेत जावे लागले. टाकी सायंकाळी एकदाच भरली जाते. विहिरीत पाणी आहे. स्नानगृहातील दोन तोट्या गळतात. त्यांपैकी एकीखाली रात्री 9 वाजता ठेवलेली 15 लिटरची बादली सकाळी 6 वाजता भरलेली आढळली.

तरी मोटार पहाटेही एकदा चालवण्याची व दोन्ही तोट्या दुरुस्त करण्याची कृपा करावी. काही अडचण असल्यास आम्हांस सांगावे. पाणी जपून वापरण्यासाठी प्रत्येक खोलीतून एक मुलगा पाळीने लक्ष ठेवील.

आपले आज्ञाधारक,
सर्व खोल्यांचे प्रतिनिधी”

या अर्जात राग नाही, पण रागाचे कारण एकही वगळलेले नाही. आदर म्हणजे दोष झाकणे नव्हे. दोन्ही मागण्या गृहपालांच्या हातातील आहेत. सही प्रत्येक खोलीतील एकाची आहे. त्यामुळे रोष एकाच मुलावर येत नाही. अर्जाची नक्कल ठेवून तीवर पोच घ्यावी. आठ दिवसांत काही न झाल्यास पहिल्या अर्जाची तारीख देऊन स्मरणपत्र द्यावे, व त्यानंतरच नकला जोडून वरिष्ठ कार्यालयास लिहावे. तेव्हा तो क्रम धमकी न राहता पुरावा होतो.

दोन मर्यादा ध्यानात असाव्यात. पिण्यासच पाणी नसेल, तर सात दिवसांच्या नोंदीची वाट न पाहता त्याच दिवशी तोंडी सांगावे व शिक्षकानेही पाठपुरावा करावा. दुसरे असे की, जिल्ह्यातील काही भागांत, विशेषतः केळापूर व झरी जामणी तालुक्यांकडे, भूजलात फ्लोराइड आढळते. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून “पाणी विषारी आहे” असे लिहू नये. “पिण्याच्या पाण्याची फ्लोराइडसाठी तपासणी करून अहवाल फलकावर लावावा” असा निराळा अर्ज करावा. लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड निघाल्यास ते पाणी पिण्यास योग्य नाही, आणि ते उकळूनही दूर होत नाही.

वर्गात हा पाठ घेताना दोन्ही मसुदे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत, आणि पहिल्यातील कोणता शब्द दुसऱ्यात कोणत्या नोंदीने बदलला, ते मुलांकडूनच काढून घ्यावे.