परदेशातले थकलेले बिल

घरी बसून परदेशचे काम करणाऱ्याचे बिल थकले, की तो घाईने पत्र लिहितो आणि त्यात सगळ्याच तक्रारी एकत्र कालवतो. अशा पत्राला उत्तर येत नाही. मागणीतले तीन हिशेब निरनिराळे मांडले, तर ते टाळणे समोरच्याला जड जाते.

समजा, पुण्याच्या एका भाषांतरकाराने लंडनच्या प्रकाशकाला 1 मार्चला 600 पौंडांचे बिल पाठवले. मुदत तीस दिवसांची, म्हणजे 31 मार्चची. पैसे आले ते 15 मे रोजी, तेही 588 पौंड.

पहिला हिशेब चलनाचा. बिल पौंडात आहे, तेव्हा येणेही पौंडातच मोजायचे. मधल्या पंचेचाळीस दिवसांत पौंड उतरला, म्हणून प्रकाशकाकडे फरक मागता येत नाही. तो चढला असता, तर आपण थोडेच परत केले असते?

दुसरा हिशेब वाटेत गळालेल्या बारा पौंडांचा. आपल्या बँकेच्या सूचनापत्रात आलेली मूळ परकी रक्कम असते, ती पाहावी. नुसत्या रुपयांवरून काही कळत नाही. मग प्रकाशकाकडे पैसे पाठवल्याच्या कागदाची प्रत मागावी. त्यावर OUR असेल, तर सगळा खर्च पाठवणाऱ्याचा. SHA असेल, तर मधल्या बँकांची कपात आपल्या माथी येते. मात्र ‘पूर्ण 600 पौंड हाती पडावेत’ असे करारात आधी लिहिले असेल, तर SHA असूनही ते बारा पौंड हक्काने मागता येतात. ते लिहिले नसेल, तर मागणी लंगडी पडते.

तिसरा हिशेब उशिराचा. करारात दरमहा एक टक्का, म्हणजे वर्षाला बारा टक्के, ठरले असेल, तर 600 पौंडांवर पंचेचाळीस दिवसांचे 8.88 पौंड होतात. रक्कम लहान आहे, पण रास्त आहे. उलट शंभर पौंडांचा दंड मनाने लावला, तर तो टिकत नाही. आपल्या 1872 च्या करार कायद्याच्या 74व्या कलमाप्रमाणेही कोर्ट फार तर वाजवी भरपाईच देते, मग करारात आकडा कितीही मोठा असो.

आणि दर ठरलाच नसेल तर? कराराला इंग्लंडचा कायदा लागू असल्यास तिथला 1998 चा कायदा मदतीला येतो. व्यापारी येण्यावर बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरापेक्षा आठ टक्के अधिक व्याज मिळते, आणि येणे हजार पौंडांच्या आतले असेल, तर वर चाळीस पौंड ठराविक भरपाई.

आता पत्र लिहायचे ते एवढेच: ‘बिल 600, मिळाले 588, बाकी 12, उशिराचा आकार 8.88, एकूण येणे 20.88 पौंड.’ सोबत बिल, करार आणि बँकेचे सूचनापत्र जोडावे, आणि पैसे देण्याची तारीख घालावी. रागाचा शब्द एकही नको. असे पत्र प्रकाशकाचा हिशेबनीस सरळ आपल्या वहीत उतरवू शकतो.