गोळी किती वाजता घेतली?



 पुसेगावच्या या अधिवेशनाच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘अंतःस्रावी विकार : एक आढावा’ असं छापलंय. मधुमेहाची दोन पानं लिहूनही झाली होती. ती खिशातच राहू द्या. एक गोष्ट बरीच वर्षं घशाशी अडकलीय, ती आज बोलून टाकतो.

सकाळच्या सत्रात तरुण मंडळींची जुंपली होती. थायरॉईडसाठी जनावराच्या ग्रंथीची वाळवलेली भुकटी चांगली, की कारखान्यात बनवलेलं लेव्होथायरॉक्सिन? एकाने मोबाईलवरून अमेरिकेचे दाखले दिले, दुसऱ्याने ‘नैसर्गिक ते नैसर्गिक’ म्हणून टाळी घेतली. मी गप्प बसलो होतो, कारण या वादाचा निकाल माझ्या ओपीडीत कधीच लागलाय.

एक निवृत्त शिक्षिका, वय ५८, वर्षानुवर्षं माझ्याकडे. १०० मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिनवर टीएसएच व्यवस्थित, पण ‘डॉक्टर, अंगात त्राण नाही’ ही तक्रार कायम. लेक न्यू जर्सीला. तिने सुट्टीत येताना आईसाठी बाटली आणली, वर ‘नॅचरल’ लिहिलेलं. १ ग्रेनच्या गोळ्या, म्हणजे वाळवलेली ग्रंथी ६० मिलिग्रॅम. तीत ३८ मायक्रोग्रॅम टी-४ आणि ९ मायक्रोग्रॅम टी-३. बाईंनी माझी गोळी बंद करून ती सुरू केली. मधल्या काळात त्या लेकाकडे राहायला गेल्या, तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. टी-४ कमी दिसला. त्यांनी गोळ्या दोन केल्या.

टी-४ कमीच दिसणार होता! या गोळीत टी-४ थोडा आणि टी-३ भरपूर. माणसाची ग्रंथी साधारण १४ भाग टी-४ मागे १ भाग टी-३ सोडते. डुकराच्या ग्रंथीत हे प्रमाण जेमतेम ४ ला १. आपलं शरीर लागेल तसा टी-४ मधून टी-३ बनवून घेतं, हे १९७० मध्ये सिद्ध झालं. इथे तो तयार टी-३ एकदम पोटात जातो. दोन गोळ्यांत १८ मायक्रोग्रॅम. निरोगी ग्रंथी स्वतः दिवसभरात ज्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा सोडते, तेवढा सगळा सकाळच्या एका घोटात.

महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. टी-४ कमी, टी-३ नॉर्मल, टीएसएच ०.०४. आता सांगा, तुम्ही काय म्हणाल? टी-४ही कमी आणि टीएसएचही कमी, म्हणजे दोष पिट्युटरीत! पुस्तकाप्रमाणे चूक नाही. नांदेडला मेंदूचा एमआरआय करून घ्या, असं बाईंच्या हातात लिहून दिलं. घरात रडारड.

एमआरआयच्या आधी त्या माझ्याकडे आल्या. नाडी ११६, हात पुढे केले तर बोटं थरथरतायत, रात्री झोप नाही, वजन उतरलेलं. इसीजीत ठोके नियमित होते, एवढं नशीब. पिट्युटरी बंद पडलेला माणूस असा दिसत नाही. मी म्हटलं, ‘बाई, रक्त द्यायला गेलात त्या दिवशी गोळी घेतली होती?’ ‘नाही हो, उपाशीपोटी यायला सांगितलं होतं, म्हणून गोळीही नाही घेतली.’ झालं! टी-३ चा जोर गोळी घेतल्यावर दोन ते चार तासांत शिखरावर जातो आणि मग उतरत राहतो. २४ तास उलटून गेल्यावर काढलेल्या रक्तात तो निमूटपणे नॉर्मलमध्ये बसलेला दिसणार. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सहाला गोळ्या घ्यायला लावल्या आणि नऊला रक्त काढायला लावलं. टी-३ २७०, वरची मर्यादा २००. एमआरआयचा कागद मी परत दिला, बाटली ठेवून घेतली, पुन्हा १०० मायक्रोग्रॅम सुरू केलं. आठ आठवड्यांनी टीएसएच २ च्या आसपास.

एक सांगायचं राहिलं. बाई माळकरी. आषाढीला दिंडीत चालणाऱ्या. बाटलीवरचा ‘पोर्सिन’ हा शब्द म्हणजे डुक्कर, हे मला त्यांना सांगावं लागलं. लेकीलाही ठाऊक नव्हतं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

आता कुणी म्हणेल, मात्रा नीट ठेवली असती तर? बरोबर आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत ७० रुग्णांना दोन्ही औषधं आळीपाळीने, कोणतं ते न सांगता, दिली. जवळपास निम्म्यांनी भुकटी पसंत केली. त्यांना वेडं ठरवू नका. १८९१ मध्ये मरे या इंग्रज डॉक्टरने मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून सुजलेल्या, मंदावलेल्या बाईला माणसांत आणलं, आणि ती पुढे २८ वर्षं जगली. त्या भुकटीने जगवलेल्या पिढ्या आहेत. मात्र एका बाटलीतली मात्रा पुढच्या बाटलीत तेवढीच निघेल का, हा माझा प्रश्न. पूर्वी ही भुकटी नुसत्या आयोडीनवर तोलत; त्यातलं किती टी-४, किती टी-३ आणि किती फुकट, हे त्या आकड्यातून कळायचं नाही. आता दोन्ही हार्मोन मोजतात, तरी २०२० मध्ये अमेरिकेत काही लॉट टी-३ जास्त भरला म्हणून परत बोलवावे लागले आणि दुसऱ्या उत्पादकाचे मात्रा कमी भरली म्हणून. गोळीचा रंग तोच, रुग्ण तोच, आणि आपण म्हणतो बाई पथ्य पाळत नाहीत.

लेव्होथायरॉक्सिनवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये. त्याचीही मात्रा टिकत नाही म्हणून अमेरिकेने २००७ मध्ये मर्यादा आवळून ९५ ते १०५ टक्के केली. आपल्याकडे बाटली कुठे असते? पत्र्याच्या घरात, खिडकीशी, वैशाखात. झाकण अर्धवट. वर चहाबरोबर गोळी आणि त्याच तोंडी कॅल्शियम. पण लेव्होथायरॉक्सिनमध्ये एक सोय आहे: टी-४ चं अर्धायुष्य सात दिवसांचं. रक्त आठला काढलं काय आणि अकराला काढलं काय, टीएसएच फारसा हलत नाही. चुकीला माफी आहे. टी-३ त्याच्यासारखा सोशिक नाही, त्याचा हिशोब तासांचा.

म्हणून माझं भांडण औषधाशी नाही, कागदाशी आहे. आपल्या रिपोर्टवर नमुना किती वाजता घेतला हे असतं. रुग्णाने गोळी कधी घेतली, कोणती घेतली, यासाठी एक रकाना नाही. मी लॅबवाल्यांकडे हे किती वेळा बोललो. उत्तर ठरलेलं: ‘सर, सॉफ्टवेअरमध्ये नाही.’ मग पेनने लिहा! माणूस बोलतो, त्याला विचारा! आकड्याखाली तांबडी रेघ मारायला जागा आहे आणि या एका वाक्याला नाही?

तेव्हा या अधिवेशनाने ठराव करावा, असं मी सुचवतो. थायरॉईडच्या प्रत्येक चिठ्ठीवर गोळीचं नाव आणि शेवटची वेळ. भुकटीवर असलेल्यांचं रक्त गोळीआधी घ्यायचं, दर वेळी त्याच तासाला, आणि टी-४ कमी दिसला म्हणून मात्रा वाढवायची नाही. टीएसएच आणि नाडी बघायची. नवीन बाटली उघडली की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. बाहेरून आलेल्या बाटल्यांची जिल्ह्याची नोंदवही ठेवावी, असंही मनात आहे. ती कुणी ठेवायची आणि कशी, ते अजून ठरलेलं नाही. मसुदा कार्यवाहांनी करावा. ते मान हलवतायत, होकाराची की नकाराची हे इथून दिसत नाही. जेवणानंतर बघू.